पाच सेंटिमीटरचा सीना

पोलीस भरतीत पुरुष उमेदवारासाठी उंची किमान १६५ सेंटिमीटर, छाती न फुगवता किमान ७९ आणि फुगवल्यावर निदान ५ सेंटिमीटरची वाढ, ही अट अकोल्या-अमरावतीच्या पोरांना पाठ असते. राज्य राखीव दलाला उंची १६८ लागते. महिलांना उंची १५५, छातीची अट नाही. उंचीवर सगळे बोलतात, पण घोळ होतो तो छातीत.

समजा एका पोराची छाती सैल श्वासात ७९.५ भरते आणि पूर्ण श्वास घेतला की ८५. वाढ साडेपाच, म्हणजे तो पात्र. पण टेप अंगावर येताच घाबरून तो सीना ताणून उभा राहतो. आपण बारीक आहोत, ७९ भरणार नाही, ही धास्ती. मग पहिलाच आकडा ८१ लिहिला जातो. पुढे कितीही श्वास घेतला तरी ८५च. वाढ चार, पोरगा बाद. ज्याची छाती ८८ आहे त्यालाही हीच अट आहे, त्याला ९३ गाठावे लागते. मापणाऱ्याकडूनही गडबड होते. टेप पाठीमागे खाली घसरली किंवा एकदा सैल आणि एकदा घट्ट धरली, तर एवढा फरक सहज पडतो.

उंचीचेही आहे. माणूस सकाळी उठल्यावर थोडा उंच असतो आणि दिवसभरात साधारण एक सेंटिमीटरपर्यंत कमी होतो. १६५.२ वाल्याला दुपारची पाळी आली तर ते महागात पडू शकते.

आक्षेपाची वेळ इथे येते, आणि ती मैदानावरच असते. केंद्रीय दलांच्या भरतीत नापास उमेदवाराला तिथल्या तिथे अपील करता येते, आणि अपिलावरचा निर्णय अंतिम असतो. आपल्याकडेही पोराने गेटबाहेर पडण्याआधीच हरकत नोंदवावी. घरी जाऊन मामाच्या ओळखीने काही होत नाही. न्यायालयात जाता येते, पण तिथे प्रश्न निघतो, "त्या दिवशी का बोलला नाहीस?"

आमच्या पोरांची अडचण अशी की साहेबांपुढे "सर, पुन्हा मोजा" म्हणायला जीभ उचलत नाही. 'रागावले तं गोळाफेकीत मार्क कापतील', ही भीती. वर्गात आम्ही त्यांना मोठ्यांपुढे गप्प राहायलाच शिकवतो, हेही खरे.

माझे म्हणणे एवढेच आहे. फेरमापन दुसऱ्या कर्मचाऱ्याने, दुसऱ्या टेपने करावे आणि पहिला आकडा त्याला आधी सांगू नये. तोच हात तीच टेप धरून पुन्हा मोजणार असेल तर तो आधीचाच आकडा शोधत बसतो. आणि उमेदवाराची सही घेण्याआधी न फुगवता, फुगवून आणि फरक असे तिन्ही आकडे त्याला मोठ्याने वाचून दाखवावेत. ८१ ऐकल्यावर पोराला तिथेच कळेल की आपण ताणून उभे होतो, आणि तो लगेच म्हणू शकेल की पहिले माप पुन्हा घ्या.