पगारवाढ : कागदावरची आणि हातातली

लोंढ्याहून सकाळच्या गाडीने बेळगावला कामाला जाणाऱ्या मंडळींत पगाराचा विषय निघाला, की दोन भाषांत एकच प्रश्न ऐकू येतो. मराठी माणूस विचारतो, "हातात किती पडतात?" आणि समोरच्या बाकावरचा कन्नड माणूस विचारतो, "कैगे एष्टु बंतु?" दोघांनाही पगाराच्या कागदाशी कर्तव्य नाही, हाताशी आहे. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. वर्गात आम्ही संपूर्ण वर्षाच्या उत्पन्नावरील कर काढायला शिकतो, परंतु पगारात जी नवी भर पडते तिच्यातले किती घरी येतात हे गणित कधी सोडवून घेतले जात नाही. ते मला घरातल्या एका भांडणाने शिकवले.

माझा मोठा भाऊ उद्यमबागेतल्या एका कारखान्यात काम करतो. २०२५ च्या जुलैत त्याला इंग्रजीत पत्र मिळाले, की त्याच्या पगारात दरमहा ३,००० रुपयांची वाढ करण्यात येत आहे. आईने त्याच आठवड्यात २,५०० रुपयांची भिशी धरली. महिना संपला आणि दादाने मागच्या महिन्यापेक्षा २,२२४ रुपये जास्त आणून दिले. आई काही बोलली नाही, पण उरलेले ७७६ रुपये कुठे गेले हा प्रश्न तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. दादा चिडला. "सरकारने टॅक्स कापला," एवढे बोलून तो जेवणावरून उठला. रात्री मी त्याचे पत्र आणि पगाराच्या दोन चिठ्ठ्या घेऊन बसलो.

सरकारने टॅक्स कापला हे त्याचे म्हणणे जवळजवळ संपूर्ण चुकीचे निघाले. दादाचे वर्षाचे उत्पन्न चार लाखांच्या आत आहे. त्याला प्राप्तिकर एक पैसाही लागत नाही.

खरा घोटाळा पत्रातल्या भाषेत होता. पत्रात जो आकडा असतो तो कंपनीला माणूस एकूण कितीला पडतो याचा असतो, माणसाला किती मिळतात याचा नव्हे. त्या ३,००० रुपयांत मूळ पगार व महागाई भत्त्याची वाढ २,००० रुपये होती आणि इतर भत्त्यांची ६६४. बाकीचे ३३६ रुपये चिठ्ठीत वाढ म्हणून कधी येणारच नव्हते. त्यांतले २४० म्हणजे प्रॉव्हिडंट फंडातला मालकाचा वाटा, वाढलेल्या मूळ पगाराच्या बारा टक्के. उरलेले ९६ ग्रॅच्युइटीसाठी बाजूला धरलेले. वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, महिना सव्वीस दिवसांचा, असा ग्रॅच्युइटीचा हिशेब असतो, आणि तो मूळ पगाराच्या ४.८१ टक्क्यांवर येतो. पाच वर्षे पुरी होण्याआधी दादाने नोकरी सोडली, तर हे ९६ रुपये त्याच्यापर्यंत बहुधा पोचणारच नाहीत, तरी पत्रात ते त्याचे म्हणून मोजलेले आहेत.

म्हणजे चिठ्ठीवर वाढले २,६६४. त्यातून दादाचा स्वतःचा फंडाचा वाटा आणखी २४० रुपयांनी वाढला. शिवाय एक नवीच कपात आली. कर्नाटकात महिन्याचा पगार २५,००० रुपयांना पोचला की व्यवसाय कर सुरू होतो. दादाचा पगार २४,००० होता, तो २६,६६४ झाला आणि त्याने ती रेघ ओलांडली. दरमहा २०० रुपये गेले. एप्रिल २०२५ पासून फेब्रुवारी महिन्यात २०० ऐवजी ३०० कापतात, म्हणजे वर्षाचे २,५००. हा कर टप्प्याटप्प्याने वाढत नाही. रेघेच्या अलीकडे शून्य आणि पलीकडे पुरे दोनशे. चोवीस हजार नऊशे पगार असलेल्या माणसाला कोणी शंभर रुपये वाढवून दिले, तर त्याला निव्वळ तोटा होईल.

आता ७७६ रुपयांचा हिशेब आईपुढे मांडता आला. सरकारकडे गेले फक्त २००. ग्रॅच्युइटीचे ९६ अधांतरी. आणि ४८० रुपये, दादाचे २४० व मालकाचे २४०, दादाच्याच नावावर फंडात. येथे एक बारीक गोष्ट आहे. मालकाच्या वाट्यातला काही भाग पेन्शन योजनेत जातो, पण तो १५,००० रुपये पगारापर्यंतच मोजला जातो आणि महिन्याला १,२५० रुपयांवर थांबतो. दादाचा मूळ पगार आधीच त्यापुढे असल्याने मालकाचे नवे २४० सगळेच्या सगळे फंडाच्या खात्यात पडले. त्यावर २०२४-२५ सालाचे व्याज ८.२५ टक्के होते. आमच्या पोस्टातल्या बचत खात्यापेक्षा ते दुपटीहून अधिक आहे.

यावरून माझे पहिले मत असे, की कापले गेलेले सगळे पैसे एका शब्दात 'कटिंग' म्हणून मोजणे ही आपल्या घराघरांतली मोठी चूक आहे. कर गेला तो गेला. फंड गेला तो उशिरा येतो. मात्र तो खरोखर खात्यात पोचतो की नाही हे पाहिले पाहिजे. मालकाने पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरणा करायचा असतो, आणि फंडाच्या पासबुकात त्याची नोंद दिसते. पगाराच्या चिठ्ठीत कपात आहे आणि पासबुकात दोन-तीन महिने नोंद नाही, असे दिसले तर गप्प बसू नये. काही ठिकाणी मालक १५,००० रुपयांवरच फंड कापतात, म्हणजे १,८०० रुपयांवर एक पैसा नाही. तेथे वाढ हातात जास्त पडते आणि म्हातारपणासाठी त्यातले काही राहत नाही. गाडीत अशा नोकरीचे कौतुक चालते. मला ते पटत नाही.

हे सगळे सोडवल्यावर मला वाटले, की प्राप्तिकर हा उगाच बदनाम केलेला गडी आहे. तेवढ्यात दिवाळीला मामा आले.

मामा गोव्यात वेर्ण्याच्या एका कारखान्यात इंजिनियर आहेत. वर्षाचा पगार १२,७५,०००. ते म्हणाले, "मला एप्रिलपासून महिना पाच हजारांची वाढ मिळाली आणि घरी येणारा पगार पाचशेने कमी झाला. तू कॉमर्सचा ना? सांग आता." मी त्यांना आमच्या वर्गातला धडा ऐकवला, की वरच्या टप्प्याचा दर फक्त त्या टप्प्यातल्या रकमेलाच लागतो, म्हणून पगार वाढल्याने कुणाचे नुकसान होऊ शकत नाही. मामांनी चिठ्ठी पुढे केली. मी चूक होतो.

हे समजण्यासाठी आपल्या घाटाचाच दाखला देतो. कुळ्याहून कॅसलरॉककडे चढणारी गाडी सदतीसास एक अशी चढण चढते, आणि तिला जादा इंजिने जोडावी लागतात. समुद्रसपाटीपासून आपण किती वर आलो याच्याशी ड्रायव्हरला काही देणेघेणे नसते. आत्ता चाकाखाली चढण किती, हाच त्याचा प्रश्न. एकूण उत्पन्नावर सरासरी किती टक्के कर बसला ही झाली उंची. वाढीच्या प्रत्येक नव्या रुपयातून किती जातात ही झाली चढण. अर्थशास्त्राच्या पुस्तकात तिला सीमांत दर म्हणतात. पगारवाढीच्या वेळी पाहायची ती चढण.

२०२५-२६ च्या नव्या करपद्धतीत करपात्र उत्पन्न बारा लाखांपर्यंत असेल, तर हिशेबाने येणारा ६०,००० रुपयांचा कर संपूर्ण माफ होतो. पगारदाराला ७५,००० रुपयांची सरसकट वजावट आहे, म्हणून मामांचे १२,७५,००० बरोबर या माफीच्या काठावर होते. कर शून्य. वाढीने करपात्र उत्पन्न १२,६०,००० झाले आणि माफी संपली. टप्प्यांप्रमाणे कर आला ६९,०००. कायद्याने येथे थोडी दया दाखवली आहे, की बारा लाखांपेक्षा जितके जास्त मिळाले त्याहून अधिक कर घ्यायचा नाही. म्हणून तो ६०,००० वर आणला. पण या सवलतीनंतर चार टक्के उपकर बसतो, तो २,४००. एकूण ६२,४००. वाढ ६०,००० आणि तिच्यावरचा कर ६२,४००!

फंडाची गोष्ट वेगळीच. मामांचा मूळ पगार एकूण पगाराच्या निम्मा आहे, तेव्हा वाढीवर त्यांचा फंड वर्षाला ३,६०० रुपयांनी वाढला. नव्या पद्धतीत स्वतःच्या फंडाच्या वाट्यावर वजावट मिळत नाही, त्यामुळे हातात न आलेल्या या पैशावरही कर बसलाच. महिन्याचा हिशेब असा : वाढ ५,०००, कर ५,२००, फंड ३००. पाचशे रुपये तोटा. मामांची चिठ्ठी बरोबर होती.

ही खडी चढण करपात्र उत्पन्न सुमारे १२,७०,६०० होईपर्यंत टिकते, आणि त्यानंतर दर एकदम उपकरासह १५.६ टक्क्यांवर उतरतो. मी पुढे मोजून पाहिले. मामांना जुन्या पगाराइतकेच पैसे घरी न्यायचे असतील, तर वर्षाला सुमारे ७९,६०० रुपयांची वाढ हवी. एक लाख वाढले असते, तर कर व फंड जाऊन १६,००० हाती लागले असते. आमच्या प्राध्यापकांपैकी काहीजण याच पट्ट्याच्या आसपास असतील. वार्षिक वाढ आणि महागाई भत्त्याचा हप्ता मागे-पुढे आल्याने कुणी आपसूक त्या काठावरून गेले असल्यास त्यांनी चिठ्ठी एकवार पाहावी.

यातून एक कायदेशीर वाट आहे. मालकाने राष्ट्रीय पेन्शन योजनेत भरलेला वाटा, मूळ पगाराच्या चौदा टक्क्यांपर्यंत, नव्या पद्धतीतही करातून वजा होतो. मामांचे ६०,००० रोख न घेता त्या खात्यात गेले असते, तर करपात्र उत्पन्न बारा लाखच राहिले असते आणि कर शून्य. मात्र ते पैसे साधारणतः साठीपर्यंत अडकतात. मामांची मुलगी यंदा बारावीला आहे, त्यांना पैसे आत्ता हवेत. ते म्हणाले, "म्हातारपणाचे पाहू नंतर." मला त्यांना उत्तर देता आले नाही.

बारा लाखांच्या माफीला माझा विरोध नाही. पण ती एका रुपयाने संपवायची आणि मग सवलत देऊन सत्तर हजारांपर्यंतची सगळी मेहनत काढून घ्यायची, याला मी न्याय म्हणणार नाही. माफी हळूहळू कमी करत नेली, तर सरकारचे थोडे नुकसान होईल, पण जादा जबाबदारी घेणाऱ्या माणसाला दंड बसणार नाही. आणि कंपन्यांनी वाढीच्या पत्रात एकच ओळ जास्त लिहावी : यातले दरमहा आपल्या हातात इतके. हा आकडा त्यांच्या पगार खात्याला पत्र छापण्याआधीच ठाऊक असतो.

आईने २,५०० ची भिशी सोडली नाही. कमी पडणारे २७६ रुपये ती दुधाच्या पैशांतून काढत राहिली. २०२६ च्या फेब्रुवारीत व्यवसाय कराचे शंभर रुपये जास्त कापले गेले, तेव्हा दादा काही सांगण्याच्या आधीच तिने ३७६ रुपये मोजून बाजूला ठेवले होते.