हमाल कापायचा कसा?

समजा, हैदराबादच्या बेगम बाजारात भांड्यांच्या दुकानांपुढून हातगाडी ओढत जाणारा हमाल पाच सेकंद चित्रित केला आणि मागचा बाजार बदलून तिथे जुना निजामकाळ दाखवायचा आहे. हिरवा पडदा लावलेला नाही, म्हणजे माणूस हातानेच कापून काढावा लागणार. सेकंदाला २४ याप्रमाणे १२० फ्रेम झाल्या. मॅक्स फ्लाइशरने १९१७ साली पेटंट मिळवलेल्या रोटोस्कोपमध्ये प्रत्येक फ्रेम काचेवर पाडून गिरवत. आता तेच काम संगणकावर होते. नवखा कलाकार संपूर्ण माणसाभोवती एकच रेघ ओढतो आणि तिथेच फसतो. जाणकार डोके, धड, दंड, मनगटापर्यंतचा हात असे वेगळे आकार करतो. पाऊल टेकते, उचलते अशा टोकाच्या फ्रेम आधी गिरवतो. मधली हालचाल संगणक भरतो आणि चुकते तिथे कलाकार हाताने दुरुस्त करतो. वेगाने हलणारा हात फ्रेममध्ये पुसट दिसतो, तिथे कडही तेवढीच पुसट ठेवावी लागते. कापलेली आकृती भडक सपाट रंगावर ठेवून चालवली की दोष उघडा पडतो: बिंदू फ्रेमगणिक इकडेतिकडे सरकले असतील, तर कड थरथरते. सर्वांत अवघड आहेत मोकळे केस. ते एकेक गिरवून कधीच नीट सुटत नाहीत. म्हणून दिग्दर्शकांना एकच विनंती, अशा दृश्यात हमालाच्या डोक्याला मुंडासे बांधा.