७५ टक्के समाधानी म्हणजे नक्की किती माणसं?

हल्ली जिथं जावं तिथं "आपला अभिप्राय द्या" असा कागद चिकटवलेला असतो. पैठण रोडवर चितेगाव पट्ट्यात कंपनीच्या कँटीनमध्ये, बँकेत, दवाखान्यात, सगळीकडं. मोबाइलवर मेसेज येतो, आपण एक बटण दाबतो आणि विसरून जातो. पण त्या बटणाचं पुढं काय होतं? बऱ्याच ठिकाणी रोज सकाळी कुणीतरी कालची उत्तरं गोळा करतं, त्यातून एक टक्केवारी काढतं, तक्रारींची तीन-चार नावं खाली लिहितं आणि साहेबांच्या ग्रुपवर टाकतं. साहेब अंगठा दाखवतात. झालं.

हे काम मी एका खाजगी कंपनीत बरीच वर्षं करतोय. म्हणून सांगतो, तो सकाळचा कागद फार उपयोगाचा होऊ शकतो. पण आज तो ज्या पद्धतीनं बनतो, त्यात खरी तक्रार सहज हरवते. आणि कँटीनच्या भाजीपेक्षा सरकारी दवाखान्यात हे हरवणं महागात पडतं, म्हणून उदाहरण दवाखान्याचंच घेतो.

केंद्र सरकारनं २०१६ साली 'मेरा अस्पताल' नावाची व्यवस्था सुरू केली. रुग्ण दवाखान्यातून गेला की त्याला एसएमएस किंवा फोन जातो, शिवाय अ‍ॅप आणि वेबसाइट आहेच. प्रश्न साधा: खूप समाधानी, समाधानी की असमाधानी? असमाधानी म्हटलं तर कारण विचारतात: कर्मचाऱ्यांची वागणूक, स्वच्छता, उपचारांचा खर्च, उपचारांचा दर्जा किंवा इतर. कल्पना चांगली आहे, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो या उत्तरांचा गोषवारा कसा काढायचा यावर.

एक दिवस धरू या. आकडे मी समजुतीसाठी घेतलेत, कुठल्याही खऱ्या दवाखान्याचे नाहीत. ओपीडीत ६०० रुग्ण आले. मोबाइल नंबर नोंदले गेले ४२० जणांचे. उत्तर दिलं ४८ जणांनी. त्यात खूप समाधानी १४, समाधानी २२, असमाधानी १२.

आता टक्केवारी काढा. खूप समाधानी आणि समाधानी एकत्र धरले तर ४८ पैकी ३६, म्हणजे ७५ टक्के. दुसरा माणूस म्हणेल, असं नाही, खूप समाधानीला १००, समाधानीला ५० आणि असमाधानीला शून्य गुण द्या. मग त्याच उत्तरांचा गुण येतो ५२. दोन्ही हिशोब बरोबर आहेत. पण एका दवाखान्यानं पहिली रीत वापरली आणि शेजारच्यानं दुसरी, तर तुलना फुकट. एकाच ठिकाणी कारकून बदलला आणि रीत बदलली तरी तेच. म्हणून कागदावर आकड्याशेजारी रीत लिहिलेली पाहिजे. एका ओळीचं काम आहे.

दुसऱ्या दिवशी ४० उत्तरं आली, ३३ समाधानी. ८२ टक्के! ग्रुपवर टाळ्या. पण जरा थांबा. पहिल्या दिवशीच्या १२ असमाधानी लोकांपैकी तिघांचा मूड बरा असता, तर तोही दिवस ८१ टक्क्यांवर गेला असता. तीन माणसं. चाळीस-पन्नास उत्तरांवर काढलेला गुण वर-खाली दहा-बारा टक्के नुसत्या योगायोगानं हलतो. त्यामुळं कालच्यापेक्षा आज सात टक्के वाढलं किंवा घटलं, यावरून कुणाचं कौतुक करू नये आणि कुणाला झापूही नये. सात दिवसांची उत्तरं एकत्र केली, समजा तीनशे झाली, तर हा हलकल्लोळ पाच टक्क्यांच्या आसपास येतो. म्हणून रोजचा कागद रोज काढा, पण त्यावरचा गुण मागच्या सात दिवसांचा ठेवा. सात दिवसांत प्रत्येक वार एकदा येतो, त्यामुळं सोमवारच्या गर्दीची रविवारशी तुलना होण्याची भानगडही मिटते.

इथं अजून एक गोम आहे. रुग्ण सोमवारी आला आणि उत्तर दिलं गुरुवारी. ते कुठल्या दिवसात धरायचं? 'मेरा अस्पताल'मध्ये भेटीनंतर सात दिवसांपर्यंत अभिप्राय देता येतो. भेटीच्या तारखेनं मोजलं तर सोमवारचा गुण आठवडाभर बदलत राहतो. उत्तराच्या तारखेनं मोजलं तर सोमवारी औषधं संपली होती याचा राग गुरुवारच्या डॉक्टरवर निघतो. माझ्या मते भेटीची तारीखच धरावी आणि ताज्या दिवसांपुढं "अपूर्ण" लिहावं.

हे झालं आकड्याचं. खरं नुकसान होतं ते तक्रारींच्या नावांमध्ये.

आपल्या १२ असमाधानी लोकांनी कारणाचं बटण दाबलं ते असं: स्वच्छता ३, वागणूक २, खर्च २, दर्जा १ आणि इतर ४. सकाळच्या कागदावर काय लिहिलं जाणार? "प्रमुख तक्रार: स्वच्छता." इतर हे काही नाव नव्हे, म्हणून ते खाली ढकललं जातं. सफाईच्या ठेकेदाराला नोटीस निघते. फाइल बंद.

पण काही लोकांनी बटणाबरोबर दोन शब्दही लिहिले होते. असमाधानी लोकांपैकी ९ जणांनी आणि समाधानी लोकांपैकी १० जणांनी, अशी १९ वाक्यं. ती कुणी वाचली तर असं दिसतं: "गोळ्या बाहेरून घ्या म्हनले." "डॉक्टर चांगले हाईत पन शुगरची गोळी नाय." "मेडिकलवर २८० गेले." अशी ८ वाक्यं औषध न मिळाल्याची. त्यातल्या तिघांनी 'इतर' दाबलेलं, दोघांनी 'खर्च' दाबलेलं आणि उरलेल्या तिघांनी तर 'समाधानी' दाबलेलं! कारण डॉक्टरनं नीट तपासलं, मग वाईट कसं म्हणायचं? आपल्याकडं माणूस असाच बोलतो. "बरं हाय" म्हणतो आणि मग "पण" म्हणून खरं सांगतो. बटणात त्या "पण"ला जागा नाही.

म्हणजे प्रमुख तक्रार स्वच्छता नव्हतीच, औषधं होती. आणि त्या ८ पैकी ५ जणांनी शुगर-बीपीच्या गोळ्यांचं नाव घेतलं असेल, तर त्याच सकाळी औषध भांडारात जाऊन साठा बघता येतो. नाहीतर काय होतं? महिन्याच्या गोळीसाठी कंत्राटी कामगार एक खाडा पाडून आलेला असतो. रोजी बुडाली, वर मेडिकलचा खर्च. पुढच्या महिन्यात तो येतच नाही. तो आला नाही की त्याला मेसेज जात नाही, आणि मेसेज गेला नाही की असमाधानी लोकांतला एक कमी होतो. गुण वाढतो.

शब्द शोधून मोजणी करणारं एखादं कोष्टक लावून हे काम भागत नाही. लोक औषध, औषद, गोळ्या, दवा असं काहीही लिहितात, इंग्रजी अक्षरांत `goli nahi` लिहितात. कुणी लिहितं, "लई भारी, तीन तासात नंबर लागला." कोष्टक त्याला कौतुकात मोजतं. पन्नास उत्तरं असतील तर सरळ वाचावीत, अर्धा तास लागतो. आठ-दहा ठरलेली नावं ठेवा, एका वाक्यात दोन तक्रारी असतील तर दोन्हीकडं खूण करा. 'इतर'मध्ये पाचातलं एक वाक्य पडायला लागलं की समजा नवं नाव हवंय. आठवड्यातून एकदा तीच वाक्यं दुसऱ्या माणसाला वेगळी वर्गवारी करायला द्या. दोघांचं फार जुळत नसेल तर नावंच गोंधळाची आहेत.

आता न बोलणाऱ्यांचं. ६०० पैकी ४८, म्हणजे शंभरात आठ. १८० जणांचा तर नंबरच नोंदला नाही. म्हातारी आजी नंबर देते पुण्यातल्या मुलाचा, मेसेज जातो त्याला, आणि तो दवाखान्यात आलेलाच नसतो. बाहेरून आलेल्या मजुराचं सिम दर काही महिन्यांनी बदलतं. या लोकांचं मत कागदावर नाही, हे निदान कागदावर लिहा: "आले ६००, विचारलं ४२०, बोलले ४८."

शेवटचा मुद्दा जरा कडू आहे. गुणावर मार्क किंवा बक्षीस ठेवलं की यंत्रणा सेवा सुधारण्याआधी उत्तरं सुधारायला निघते. २०१८ च्या स्वच्छ सर्वेक्षण ग्रामीणमध्ये १०० पैकी ३५ गुण नागरिकांच्या अभिप्रायाला होते. लोकांना विचारणं चांगलंच, पण एवढे गुण पणाला लागले की "होय म्हणा" हा आग्रहही होणारच. तो ओळखता येतो: एकाच तासात उत्तरांचा ढीग, सगळी वरच्या दर्जाची आणि लिहिलेलं वाक्य एकही नाही. खरे खूश लोकही चार शब्द लिहितात. असा ढीग दिसला तर तो गुणात मिसळू नका, वेगळा दाखवा.

माझी मागणी मोठी नाही. सरकारी दवाखान्यांत रुग्ण कल्याण समिती असते. तिच्या बैठकीत आणि दवाखान्याच्या फलकावर हा कागद पाच ओळींत लागावा: किती आले, किती बोलले, सात दिवसांचा गुण आणि तो काढायची रीत, पहिल्या तीन तक्रारी माणसांच्या आकड्यात, टक्क्यांत नाही, नाव-नंबर काढून दोन वाक्यं जशीच्या तशी, आणि मागच्या आठवड्याच्या पहिल्या तक्रारीचं काय केलं. ही पाचवी ओळ सगळ्यात महत्त्वाची. ती रिकामी असेल तर वरच्या चार ओळींचा कुणाला काही उपयोग नाही.

१५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारी, १ मे, ग्रामसभा होतच असतात. तिथं उभं राहून एवढंच विचारा: आमच्या दवाखान्याबद्दल लोक काय म्हणाले, तो कागद दाखवा. समाधानाचा टक्का सांगितला, तर पुढचा प्रश्न विचारा: किती माणसांचा?