एका मुलाच्या दोन होरा

गेल्या महिन्यात पोलादपूरचे एक गृहस्थ आमच्याकडे आले. चौघा भावांचे एकत्र कुटुंब, राहते घर पोलादपुरास आणि किराणा मालाचे दुकान महाडच्या बाजारपेठेत. 2021 च्या जुलैतील महापुरात दुकानाबरोबर तेथील कपाटात ठेवलेल्या घरातल्या सगळ्या पत्रिकाही गेल्या. पुढे संगणकावरून त्या नव्या करून घेतल्या. आता पुतण्या एकोणीस वर्षांचा झाला. त्याला दुकानात भागीदार करावे की औद्योगिक वसाहतीत नोकरीस जाऊ द्यावे, असा प्रश्न घरात उभा राहिला. इतक्यात मुलाच्या आजोळी जुन्या पत्रिकेची प्रत सापडली आणि नवाच घोळ झाला. नव्या पत्रिकेत मुलाचा गुरु चंद्राच्या होरेत, जुन्या पत्रिकेत सूर्याच्या! थोरल्या बंधूंचे मत नव्या पत्रिकेवरून दुकानाकडे, मुलाच्या वडिलांचे जुन्या पत्रिकेवरून नोकरीकडे. दोघे आठ दिवस एकमेकांशी नीट बोलत नव्हते.

प्रथम होरा म्हणजे काय ते सांगतो. राशीचे तीस अंश. त्यांचे पंधरा-पंधरा अंशांचे दोन भाग केले की प्रत्येक भागास होरा म्हणतात. मेष, मिथुन, सिंह इत्यादी विषम राशींत पहिली होरा सूर्याची व दुसरी चंद्राची. वृषभ, कर्क, कन्या इत्यादी सम राशींत पहिली चंद्राची व दुसरी सूर्याची. सूर्याच्या होरेतील ग्रह सिंहेत मांडावयाचा, चंद्राच्या होरेतील कर्केत. म्हणून होराकुंडलीत सारे ग्रह दोनच घरांत गोळा झालेले दिसतात, आणि तीवर बाराही भावांचा विचार करू लागणे व्यर्थ होय. पंचांगात मुहूर्तासाठी तासातासाची जी होरा दिलेली असते, ती निराळी. वराहमिहिराने ‘अहोरात्र’ या शब्दाचे आद्यंत वर्ण गाळून ‘होरा’ शब्द साधण्याचे मत नोंदले आहे खरे, परंतु शब्द मुळात यवनांचा, म्हणजे ग्रीकांचा, हेच आज विद्वानांस मान्य आहे.

पाराशरी संप्रदायात संपत्तीचा विचार या वर्गावरून करावा असे सांगितले आहे. आता धनस्थान आणि लाभस्थान मूळ कुंडलीत असतातच. मग होरेने अधिक ते काय कळते? परंपरेचे उत्तर असे की, द्रव्य आहे की नाही हे मूळ कुंडली सांगते आणि ते कोणत्या रीतीने येते हे होरा सांगते. सूर्याची होरा म्हणजे स्वतःच्या कष्टाचा, अधिकाराचा, झगडून मिळविलेला पैसा. चंद्राची म्हणजे साठणारा, वाडवडिलांचा, चार जणांच्या हातून फिरत येणारा पैसा. रवि, मंगळ व गुरु सूर्याच्या होरेत फळ देतात, चंद्र, शुक्र व शनि चंद्राच्या होरेत, आणि बुध दोन्हींत. किती हजार मिळतील याचे उत्तर होरेपाशी नाही. ते कोणी सांगू लागल्यास तेथून उठावे.

पोलादपूरच्या मुलाचा गुरु वृश्चिकेत. नव्या पत्रिकेत तो 12 अंशांवर, जुन्यात 16 अंशांवर. वृश्चिक सम रास; म्हणून 15 अंशांपर्यंत चंद्राची होरा, पुढे सूर्याची. दोघांचेही गणित बरोबर होते! फरक होता तो अयनांशांचा. राशिचक्राचा आरंभ कोठून धरावयाचा यावर आपल्याकडे मतभेद आहे. टिळक पंचांग रेवती ताऱ्यावरून आरंभ धरते, तर चित्रापक्ष चित्रा ताऱ्याच्या समोरून. शासनाच्या राष्ट्रीय पंचांगाने 1957 पासून चित्रापक्षाचेच अयनांश घेतले आहेत. या दोहोंत सुमारे चार अंशांचे अंतर पडते. म्हणून तर टिळक पंचांगाची मकरसंक्रांत 14 जानेवारीऐवजी 10 च्या सुमारास येते. कोकणात पुष्कळ घरी टिळक पंचांग चालते, आणि संगणक बहुधा चित्रापक्षाने चालतो. जुनी पत्रिका आणि नवी पत्रिका यांत भांडण लागते ते येथे.

असे किती वेळा व्हावे, याचा हिशेब सोपा आहे. होरांचा क्रम पाहा: विषम राशीचा शेवट चंद्राच्या होरेत होतो आणि पुढील सम राशीचा आरंभही चंद्राच्याच होरेत, तसेच सम राशीचा शेवट आणि पुढील विषम राशीचा आरंभ, दोन्ही सूर्याच्या होरेत. म्हणजे राशी बदलली तरी होरा बदलत नाही. ती बदलते राशीच्या ऐन मध्यावर. तीस अंशांत एकच असा सांधा, आणि अंतर चार अंशांचे. तेव्हा सात ग्रह व लग्न मिळून आठ स्थाने धरली, तर सरासरीने एकाची होरा पंचांग बदलताच बदलणार. पत्रिका हाती घेतली की जो ग्रह 15 अंशांच्या आसपास असेल, त्यावर आधी पेन्सिलीने खूण करावी. लग्नाचे तर याहून नाजूक; एक अंश सुमारे चार मिनिटांत सरतो, म्हणून जन्मवेळेतील पाव तासाची चूकही तेवढाच घोटाळा करते.

त्या गृहस्थांस हे पटावे म्हणून आम्ही आपल्याच तालुक्यातील उदाहरण घेतले. चिंतामणराव देशमुख यांचा जन्म 14 जानेवारी 1896 चा, महाडजवळच्या नाते गावचा. मॅट्रिकला संस्कृताची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविलेला हा विद्यार्थी (आमच्यासारख्या मास्तरास हे आधी आठवावयाचेच!) पुढे 1943 त रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर आणि 1950 त देशाचा अर्थमंत्री झाला. लग्न व चंद्र वेळेवाचून सांगता येत नाहीत, ते बाजूस ठेवू. त्या दिवशी रवि चित्रापक्षाने मकरेच्या 1 अंशावर, टिळक पंचांगाने 5 अंशांवर. दोहोंकडे चंद्राचीच होरा. गुरु मात्र उच्चीचा, कर्केत, चित्रापक्षाने सुमारे 13 अंशांवर आणि टिळक पक्षाने सुमारे 17 वर. पुन्हा तेच! एका पक्षाने चंद्राची होरा, दुसऱ्याने सूर्याची.

आम्ही गृहस्थांस म्हटले, “आता फळ सांगून पाहा.” ते जुने अभ्यासू, लगेच म्हणाले, “गुरु सूर्याच्या होरेत, म्हणून स्वकर्तृत्वाने अधिकारपद.” आम्ही म्हटले, “चंद्राच्या होरेत धरा.” थोडे थांबून ते म्हणाले, “रवि-गुरु दोघेही चंद्राच्या होरेत. म्हणून लोकांचा साठलेला पैसा हाती.” मग आपणच हसले. चरित्र ठाऊक असले की दोन्ही होरा जुळतात. आणि मुंबईच्या प्रश्नावर 1956 त त्यांनी मंत्रिपद सोडले, ते यांपैकी कोणत्या होरेत शोधावे?

चरित्र ठाऊक नसता काय होते, याची एक परीक्षा पुण्यास झालेली आहे. डॉ. जयंत नारळीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी हुशार मुले व मतिमंद मुले यांच्या पत्रिका मिसळून ज्योतिषांकडे निवडीस दिल्या. 27 ज्योतिषांनी प्रत्येकी 40 पत्रिका पाहून उत्तरे पाठविली. सरासरीने शंभरांत 46 बरोबर आली. नाणे उडविले असते तरी पन्नास आली असती. हा निष्कर्ष 2009 त प्रसिद्ध झाला. ती परीक्षा बुद्धीची होती, धनाची नव्हे, हे खरे. पण होरा धनाबाबत अधिक खरी ठरते असे दाखविणारी परीक्षा आमच्या पाहण्यात आलेली नाही. आम्ही पन्नास वर्षे हे गणित आवडीने करीत आलो. तरी मुलाचा वाटा तीवरून ठरवावा असे आम्हांस म्हणवत नाही.

“मग खरी पत्रिका कोणती?” गृहस्थांनी जाताना विचारले. आम्ही सांगितले, घरात टिळक पंचांग चालत असेल तर सर्वांच्या पत्रिका त्याच पक्षाने ठेवाव्या, एकाची एका पक्षाने व दुसऱ्याची दुसऱ्या असे करू नये, आणि प्रत्येक पत्रिकेवर अयनांश लिहून ठेवावे. मुलाविषयी आम्ही एवढेच विचारले की, पुरानंतर दुकानाची उधारीची वही कोणी पुन्हा उभी केली? ते म्हणाले, “त्यानेच. तेव्हा शाळेत होता. गिऱ्हाइकांच्या घरोघर जाऊन आकडे लिहून आणले.” थोरल्या बंधूंस हे आठवत होते का, असे आम्ही विचारले. गृहस्थ काही बोलले नाहीत. दोन्ही पत्रिका घडी घालून पिशवीत ठेवल्या आणि महाडच्या गाडीची वेळ झाली म्हणून उठले.