मोजणीतून गळलेली तीन मुलं

गेल्या २६ जानेवारीला माझ्यामुळे तीन मुलं व्यासपीठावरून रिकाम्या हाताने खाली उतरली. ते अजून डोक्यातून जात नाही, म्हणून आज लिहायला बसलो आहे.

आम्ही काही निवृत्त शिक्षक मिळून आमच्या गावच्या आणि शेजारच्या वाडीच्या शाळेतल्या दहावीच्या मुलांना पुस्तकांचे संच देतो. सहामाहीत साठ किंवा जास्त टक्के मिळवणाऱ्याला एक संच. यादी एक्सेलमध्ये ठेवण्याचं काम माझ्याकडे. यंदा दोन्ही शाळा मिळून ६३ मुलं होती. पहिल्या ओळीत मथळे आणि नावं दुसऱ्या ओळीपासून चौसष्टाव्या ओळीपर्यंत. A मध्ये नाव, B मध्ये माध्यम (मराठी किंवा सेमी), C मध्ये टक्के. मी लिहिलं:

```
=COUNTIF(C2:C64,">=60")
```

उत्तर आलं 18. दुकानदाराला अठरा संच सांगितले. कार्यक्रमात नावं मात्र मी छापील यादीवरून, डोळ्यांनी पाहून, पेनाने खुणा करून पुकारली. ती निघाली एकवीस. शेवटच्या तिघांना टाळ्या मिळाल्या, संच नाही. त्यातली एक मुलगी खाली आल्यावर हळूच म्हणाली, "सर, माझं नाव चुकून घेतलं का?" चूक तिच्या नावात नव्हती, माझ्या अठरात होती. पुढच्या आठवड्यात संच घरपोच दिले, पण ते व्यासपीठावरचं देणं नव्हतं.

घरी येऊन आधी त्या मुलीचेच टक्के शोधले. तिला ७२ होते. `=COUNTIF(C2:C64,72)` लिहिलं, तर उत्तर 1. म्हणजे ती मोजली जातेय! मग साठच्या वरच्यांत का नाही? तासभर डोकं खाजवलं आणि शेवटी भाचीला फोन लावला. ती बँकेत असते, दिवसभर हेच करते.

"मामा, नुसतं 72 शोधून कळणार नाही तुला," ती म्हणाली. "तो आकडा आहे की आकड्यासारखं दिसणारं अक्षर, ते बघ."

गोम तिथेच होती. वाडीच्या शाळेची पाच नावं उशिरा आली. ती मी मोबाइलवरच्या निरोपातून उचलून चिकटवली, आणि तिथले रकाने आधीच Text म्हणून ठरवलेले होते. त्यामुळे त्या पाच जणांचे टक्के एक्सेलच्या लेखी मजकूर होते. "बरोबर 72 आहे का" असं विचारलं, की COUNTIF मजकुरातला ७२ आणि आकड्यातला ७२ दोन्ही धरतो. पण "60 किंवा जास्त" विचारलं, की तो फक्त खऱ्या आकड्यांकडे बघतो. मजकूर त्याच्या दृष्टीने साठाहून मोठाही नाही आणि लहानही नाही. म्हणून माझी पडताळणी खरी वाटली आणि मोजणी खोटी ठरली.

ओळखायचं कसं? एरवी असे आकडे रकान्यात डावीकडे चिकटतात, बाकीचे उजवीकडे, आणि कोपऱ्यात छोटा हिरवा त्रिकोण असतो. पण मी हौसेने सगळा तक्ता मध्यभागी आणून ठेवला होता आणि त्रिकोणाला नक्षी समजलो होतो. त्याहून सोपी खूण म्हणजे `=COUNT(C2:C64)` खरे आकडे मोजतं आणि `=COUNTA(C2:C64)` भरलेले सगळे रकाने मोजतं. माझ्याकडे पहिल्याचं उत्तर 58, दुसऱ्याचं 63.

रकान्याचं स्वरूप Number करून उपयोग झाला नाही, आत आधीच बसलेला मजकूर तसाच राहिला. भाचीने सांगितलं तसं C चा रकाना निवडला, Data मध्ये Text to Columns उघडलं आणि काही न बदलता Finish दाबलं. मजकुराचे टुणकन आकडे झाले आणि 18 चे 21 झाले.

मग शहाणपण सुचलं आणि माध्यमाचा रकानाही तपासला. मराठी 34, सेमी 25. बेरीज ५९! इथेही चार मुलं गायब. कारण वेगळं होतं. मी मराठी लिहितो ते रोमन अक्षरांत टाइप करून स्पेस दाबायची आणि शब्द देवनागरी व्हायचा, या पद्धतीने. ती स्पेस शब्दाच्या शेपटीला राहते. "सेमी" आणि "सेमी " डोळ्याला एकच, COUNTIF ला दोन. `=LEN(B2)` ने अक्षरं मोजली की कळतं. सेमीचे चार यायला हवेत (काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात), या चौघांचे पाच आले.

TRIM ने तिघं सुधारले, चौथा हटेना. तो एका वेबपानावरून चिकटवला होता आणि त्याची मोकळी जागा साधी नव्हती. `=UNICODE(RIGHT(B40,1))` ने शेवटच्या अक्षराचा क्रमांक पाहिला. साध्या स्पेसचा 32 असतो, याचा 160 निघाला. TRIM त्याला हात लावत नाही. म्हणून शेजारच्या रकान्यात हे लिहिलं:

```
=TRIM(SUBSTITUTE(B2,UNICHAR(160)," "))
```

ते खालपर्यंत ओढलं आणि मोजणी त्या स्वच्छ रकान्यावर घेतली. मराठी 34, सेमी 29. त्रेसष्ट.

आता माझं मत. भाची म्हणते, माहिती आधी स्वच्छ करावी, मग प्रश्न उरत नाही. बरोबर आहे, पण पुढच्या वर्षी पुन्हा कोणीतरी उशिरा पाच नावं पाठवणार आणि मी ती चिकटवणार. आमचे एक स्नेही म्हणतात, वहीच बरी. तेही मला पटत नाही, वहीतही बेरजा चुकतात. फरक एवढाच, की वहीत आम्ही हजेरीची उभी आणि आडवी बेरीज जुळवल्याशिवाय महिना बंद करत नव्हतो. COUNTIF जे जुळलं तेवढंच सांगतो. जे जुळलं नाही त्याबद्दल तो चूक दाखवत नाही, चकार शब्द काढत नाही. म्हणून ते आपण विचारायला हवं. "साठच्या वर किती" विचारलं की "साठच्या खाली किती" हेही विचारायचं आणि बेरीज पटाशी जुळवायची. माझ्या तक्त्याखाली आता ही ओळ कायमची आहे:

```
=COUNTIF(C2:C64,">=60")+COUNTIF(C2:C64,"<60")-ROWS(C2:C64)
```

उत्तर शून्यच यायला हवं. त्या दिवशी हे लिहिलं असतं तर 18 अधिक 40 वजा 63, म्हणजे -5 दिसले असते आणि दुकानदाराला फोन करण्याआधी मी थांबलो असतो. कोणी गैरहजर असेल तर तेवढी वजाबाकी दिसणारच, पण निदान ती कोणाची हे सांगता आलं पाहिजे. या ओळीला मर्यादाही आहे. सेमीच्या मुलापुढे मी चुकून मराठी लिहिलं, तर माध्यमांची बेरीज जुळेल आणि चूक तशीच राहील. ती फक्त गळलेला माणूस दाखवते, चुकीच्या रांगेत बसलेला नाही.

तरीही यापुढे शाळेने असो, सोसायटीने असो वा आमच्यासारख्या हौशी मंडळींनी, "इतके पात्र" असा एकटा आकडा दिला की मी विचारणार आहे, अपात्र किती आणि दोन्ही मिळून किती? हा अविश्वास नव्हे, हजेरीपत्रकाची जुनी सवय आहे. मी ती यंत्रापुढे बसल्यावर सोडली आणि त्याची किंमत तीन मुलांनी मोजली.

असो. तुमच्याही याद्या असतीलच, एकदा ही बेरीज करून बघा. काही गळलेलं सापडलं तर जरूर कळवा.