तात्यांचा हिशेब

आमच्या अपार्टमेंटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सोमवारी निरोप आला. ‘आपल्या सर्वांचे लाडके वॉचमन तात्या सेवानिवृत्त होत आहेत. निरोप समारंभ रविवारी सकाळी साडेदहा वाजता पार्किंगमध्ये. शाल, श्रीफळ, भिंतीवरचे घड्याळ. पाकिटासाठी वर्गणी ऐच्छिक.’ त्याखाली पंधरा अंगठे आणि हात जोडलेली पाच चित्रं उमटली. माझं डोकं फिरलं ते ‘सेवानिवृत्त’ आणि ‘ऐच्छिक’ हे दोन शब्द एकाच निरोपात वाचून. सेवानिवृत्त व्हायचं असेल तर निवृत्तीनंतर काहीतरी मिळावं लागतं. मी मास्तरकी करून निवृत्त झालो आहे, त्यामुळे हे मला पक्कं माहीत आहे.

माहिती थोडक्यात अशी. सोळा घरं, त्यातली नऊ बंद. तात्या 2006 मध्ये दीड हजार रुपयांवर आले, आज आठ हजार घेतात. राहायला जिन्याखालची खोली. वय बासष्ट. गुडघे गेलेत, गावी लेकाकडे चाललेत. त्यांच्या जागी सांगलीहून एजन्सीचे दोन गार्ड येणार, बारा-बारा तासांचे, गणवेशातले. त्यांचं महिन्याचं बिल सव्वीस हजार. ते मिटिंगमध्ये पाच मिनिटांत मंजूर झालं.

नऊ घरं बंद का, हे आटपाडीकरांना सांगायला नको. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्या आणि शेजारच्या खानापूर तालुक्यातली माणसं सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेली आहेत. कमाई तिकडं, घर इकडं. दिवाळी, जत्रा नाहीतर लग्न असलं की चार दिवस फ्लॅट उघडतो, एरवी कुलूप. त्या कुलपांच्या किल्ल्या तात्यांच्या खोलीत एका पत्र्याच्या डब्यात असतात. प्रत्येकीला वेगळ्या रंगाची चिंधी बांधलेली, कारण तात्यांना नंबर वाचण्यापेक्षा रंग ओळखणं सोपं जातं. कोचीवाल्यांची हिरवी, दिल्लीवाल्यांची लाल.

बंद घराला काय काय लागतं, हे मला तात्यांमुळे कळलं. संडास-बाथरूमच्या जाळीखाली नळीचा एक वाक असतो आणि त्यात पाणी साचून राहतं. गटाराचा वास आणि झुरळं घरात येत नाहीत ती त्या ओंजळभर पाण्यामुळे. घर बंद राहिलं की आमच्या कोरड्या हवेत ते पाणी आटतं आणि दोन महिन्यांनी मालक दार उघडतो तेव्हा नाकाला रुमाल लावूनच आत जातो. म्हणून तात्या दर पंधरवड्याला नवाच्या नऊ घरांत शिरतात, प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओततात, नळ एकदा सोडून बघतात, इन्व्हर्टरच्या बॅटरीतलं पाणी तपासतात. हे काम त्यांना कुणी सांगितलेलं नाही. कुठल्या ठरावात ते लिहिलेलं नाही आणि एजन्सीच्या करारातही नाही. करार मी वाचला. त्यात गार्डने बसण्याची जागा सोडू नये, असं एक कलम आहे.

पाण्याचं तर बोलायलाच नको. आटपाडी म्हणजे माणदेश. टेंभूचं पाणी तालुक्यात आल्यापासून डाळिंबाच्या बागांचे दिवस पालटले, तरी अपार्टमेंटच्या वरच्या टाकीत पाणी चढवायचं काम माणसालाच करावं लागतं. नळाचं पाणी रात्री कधी येईल याचा भरवसा नसतो. तात्या झोपेत पाइपाचा आवाज ओळखतात. आधी नुसती हवा फुसफुसते, मग थुंकल्यासारखं पाणी येतं, मग धार धरते. धार धरल्यावर खालच्या हौदाचा व्हॉल्व्ह सोडायचा. हौद निम्मा झाल्याशिवाय मोटार चालू करायची नाही, नाहीतर ती हवा धरते. धरलीच, तर बूच काढून तिच्यात पाणी ओतायचं, हवेचे बुडबुडे संपेपर्यंत थांबायचं आणि मग बटण दाबायचं. आवाज जड आला तर पाणी चढतंय, हलका आणि किरकिरा आला तर मोटार कोरडी फिरतेय, ताबडतोब बंद. एकदा तात्या भाचीच्या लग्नाला गेले होते तेव्हा आमच्या एका उत्साही सभासदाने मोटार कोरडीच तासभर चालवली. तिचं वायंडिंग जळालं. रिवाइंडिंगच्या बिलावर तेव्हा ग्रुपमध्ये जे रण माजलं ते या सदराच्या जुन्या वाचकांना आठवत असेल. आता येणाऱ्या गार्डांचं म्हणाल, तर खासगी सुरक्षा एजन्सींसाठी 2005 चा केंद्राचा कायदा आहे. त्याच्या नियमांप्रमाणे गार्डला शंभर तास वर्गात आणि साठ तास प्रत्यक्ष, असं प्रशिक्षण द्यावं लागतं. उत्तमच आहे. पण त्या एकशे साठ तासांत आमच्या मोटारीचा धडा असण्याची शक्यता मला कमी वाटते.

गावाच्या राखणीचा विषय निघाला की आटपाडीच्या माणसाला दोन गोष्टी आठवाव्यातच. पहिली स्वतंत्रपूरची. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती. राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन यांच्या काळात, 1939 च्या सुमारास, इथं कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. खुनासारख्या गुन्ह्यांतली माणसं, पण ना उंच भिंत ना बंदूकधारी पहारा. बायकापोरं सोबत ठेवून शेती करायची. त्यावरूनच पुढे 1957 मध्ये व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ आला आणि त्याची कथा लिहिली ती आपल्याच तालुक्याच्या गदिमांनी. तात्यांना हे मी एकदा रंगवून सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, “व्हय मास्तर, म्हायती हाय. तिथं कैद्यांवर राखण न्हाय. हितं समद्या सज्जनांच्या दारात मी.”

दुसरी गोष्ट तराळाची, आणि पाकिटाचा निरोप वाचल्यापासून तीच डोक्यात घोळते आहे. शंकरराव खरात याच आटपाडीचे. 1921 चा जन्म, विद्यापीठाचे कुलगुरू झाले, 1984 च्या जळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांचे वडील गावची तराळकी करत. शंकररावांनी आत्मचरित्राला नावच दिलं ‘तराळ-अंतराळ’. तराळाने गावाची राखण करायची, दवंडी द्यायची, सरकारी टपाल आणि वसुलीचा पैसा पोचवायचा, बेवारस मढं सापडलं तर पंचनाम्यापर्यंत रात्रभर त्याच्याजवळ बसायचं. काम चोवीस तासांचं आणि नकार द्यायची सोय नाही. मोबदला काय, तर बलुतं आणि घरोघरची शिळी भाकरी. खळ्यावर कुणी किती घालायचं हे घालणाऱ्याच्या मर्जीवर. एखाद्याने हात आखडला तर तराळ दाद कुणाकडे मागणार? जातीने लादलेल्या त्या कामाची आणि आजच्या नोकरीची बरोबरी मी करत नाही. मुंबई सरकारने 1958 मध्ये कायदा करून असली कनिष्ठ वतनं मोडीत काढली. पण मोबदल्याची रीत मात्र आमच्या पार्किंगमध्ये अजून जिवंत आहे. काम ठरलेलं, देणं ‘ऐच्छिक’.

मग मी कागद घेऊन बसलो. सवयच आहे, गणिताचा मास्तर. 1972 च्या कायद्याने ग्रॅच्युइटीचा हिशेब घालून दिला. नोकरीला पाच वर्षं झालेली असली की शेवटच्या पगाराला सव्विसाने भागायचं, पंधराने गुणायचं आणि नोकरीच्या वर्षांनी गुणायचं. महिन्यात कामाचे दिवस सव्वीस धरलेत आणि दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. तात्यांचे आठ हजार भागिले सव्वीस, गुणिले पंधरा म्हणजे वर्षाला 4,615 रुपये. एकोणीस वर्षांचे 87,692.

ग्रुपवर आकडा टाकला तसे सेक्रेटरी घरी आले. चहा घेतला आणि म्हणाले, “सर, हा कायदा आपल्याला लागू होत नाही. दहा नोकर लागतात. आपल्याकडे एकच आहे.” बरोबर आहे त्यांचं. दहा माणसं असलेल्या आस्थापनेलाच तो लागू होतो. भविष्य निर्वाह निधीला तर वीस लागतात. तात्यांचा दोष एवढाच की ते एकटे होते. कारखान्याच्या फाटकावर दहांतले एक म्हणून बसले असते तर हेच पैसे हक्काने मिळाले असते.

सरकारी योजनांतही तात्या असेच दोन दारांच्या मधे अडकलेत. अटल पेन्शन योजना 2015 मध्ये आली, श्रमयोगी मानधन 2019 मध्ये. दोन्हींत शिरायचं वय अठरा ते चाळीस, आणि तात्या तेव्हाच पन्नाशी ओलांडून गेले होते. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला 1,500 रुपये मिळतात ते वयाच्या पासष्टाव्या वर्षानंतर, शिवाय कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला एकवीस हजारांच्या आत असल्याचा दाखला हवा. लेक टेम्पो चालवतो. तो दाखला मिळेल असं मला वाटत नाही आणि मिळाला तरी तीन वर्षं थांबायचंच आहे. तेवढा काळ तात्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसावं, अशी कमिटीची कल्पना असावी.

सेक्रेटरींना मी कागदाची मागची बाजू दाखवली. वर्षाचे 4,615 सोळा घरांत वाटले तर घरटी 288 रुपये पडतात, म्हणजे महिन्याला चोवीस. पहिल्या वर्षांत पगारच कमी होता, त्यामुळे तेव्हा तर पाच-सहा रुपयेसुद्धा पुरले असते. मेंटेनन्समध्ये ही एक ओळ 2006 पासून असती आणि पैसे जिल्हा बँकेत आवर्ती ठेवीत गेले असते, तर आज कुणाच्या खिशाला हात लावावा लागला नसता. आता एकरकमी घरटी 5,481 पडतात. एजन्सीसाठी मात्र घरटी दरमहा 1,625 द्यायला आपण हसत तयार झालो. सेक्रेटरी कपबशीकडे बघत म्हणाले, “पण सर, उद्या पायंडा पडेल.” म्हटलं, पडू दे. आपल्याकडं आता कुणी एकोणीस वर्षं टिकणार आहे का?

तात्यांना यातलं मी काही सांगितलेलं नव्हतं. त्यांना कुठून कळलं कोण जाणे, परवा जिन्यात थांबवून म्हणाले, “मास्तर, माझ्यापायी भांडू नगा. त्या पोरांस्नी व्हॉल्व्ह दावायचा ऱ्हायलाय, त्ये बघा.” व्हॉल्व्ह दाखवायचं ठरलं आहे, समारंभानंतर. किल्ल्यांचा डबाही त्याच वेळी कमिटीच्या ताब्यात जाईल. चिंध्यांचे रंग मी वहीत उतरवून घेतलेत.

रविवारी पाकीट नको, तात्यांच्या नावाने चेक द्या, असं मी एकेकाला फोन करून सगळ्यांना सांगितलं. आज लेख पाठवेपर्यंत सोळापैकी अकरा घरांनी पूर्ण 5,481 रुपयांना होकार दिला आहे. उरलेल्या पाचांपैकी चार घरं इथंच राहतात.