चष्म्याला काच की फायबर?

बाबासाहेबांच्या काळी आपल्याकडे चष्मा म्हणजे काचच. आज वाशीमच्या दुकानात फायबरच आधी पुढे ठेवतात आणि बहुतेकांसाठी तेच योग्य, असे आम्हाला वाटते. साधे फायबर काचेच्या जवळपास निम्म्या वजनाचे असते. नंबर जास्त असला की हा फरक नाकावर लगेच कळतो.

पण सोयाबीनच्या मळणीवर जाणाऱ्यांचे फायबर लवकर धुरकट होते. भुशात मातीचे कण असतात. पदराने कोरडे पुसले की तेच ओरखडे पाडतात. म्हणून आधी पाण्याने धुवावे, मग मऊ सुती कापडाने टिपावे. रात्री दिव्याभोवती उजेड पसरलेला दिसला तर चष्मा तिरपा धरून बघा. ओरखडे नसतील, तर मोतीबिंदूची तपासणी करून घ्या.

काचेवर ओरखडे सहज पडत नाहीत. घरी बसून वाचणाऱ्या आजोबांनी ती मागितली तर त्यांना अडवू नका. मळणीवर मात्र काच नकोच, दाणा उडून ती फुटली तर तुकडे डोळ्यात जातात. लेकरांसाठी आणि एकाच डोळ्याने दिसते अशांसाठी पॉलिकार्बोनेट मागावे. ते सहसा फुटत नाही, पण ओरखडते लवकर, तेव्हा वरचे कोटिंग आहे ना, हे दुकानदाराला विचारून घ्या.